न विचारता डिमॅटमधे सौदे झाले तर सेबीकडे तक्रार कशी करायची: सांगलीतल्या आमच्या आप्पांच्या केसवरून सगळ्या पायऱ्या

माझं माहेर सांगली, सासर सातारा. आमचे आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी होते, रिटायर झाल्यावर तिथल्याच एका शेअर ब्रोकरच्या फ्रँचायझीच्या ऑफिसात डिमॅट उघडलं आणि थोडे थोडे करत साडेचार लाखांचे शेअर जमवले. घ्यायचे आणि ठेवायचे, बास, बाकी काही नाही. 2024 च्या राखी पौर्णिमेला मी सांगलीला आले तेव्हा आप्पांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "बघ गं, माझे शेअर विकले म्हणून मेसेज आलाय, मी तर काही सांगितलं नव्हतं." तिथून पुढचे काही महिने आम्ही यातच होतो. खाली जे लिहिलंय ते आम्ही केलेलं आहे, कुठे चुकलो तेही लिहिते.

झालं काय होतं ते आधी थोडक्यात. 2 ऑगस्टला ऑफिसातल्या पोराने फोन करून "आप्पा, केवायसी अपडेट करायचंय, ओटीपी सांगा" म्हणून ओटीपी घेतला. तो केवायसीचा नव्हताच, शेअर मार्जिनसाठी प्लेज करायचा, म्हणजे सौद्यांसाठी तारण ठेवायचा होता. मग 5 ऑगस्टपासून 16 ऑगस्टपर्यंत, मधली सुट्टी सोडून 9 दिवस, ऑफिसातून आप्पांच्या खात्यावर बँक निफ्टीचे ऑप्शन विकत होते. 5 ऑगस्टला बाजार जोरात आपटला, सगळ्यात मोठा खड्डा त्याच दिवशी पडला. खात्यात डेबिट, म्हणजे ब्रोकरचं देणं झालं आणि ते भरून काढायला ब्रोकरने 19 तारखेला शेअर विकायला सुरुवात केली, तो मेसेज आप्पांनी मला दाखवला.

एक नियम आधी समजून घ्या, सगळी तक्रार याच्यावर उभी राहते

सेबीचं 22 मार्च 2018 चं परिपत्रक आहे, विनापरवानगी सौदे रोखण्याबद्दलचं. त्यात म्हटलंय की ग्राहकाने ऑर्डर दिली याचा पुरावा असल्याशिवाय ब्रोकरने सौदा करायचाच नाही. पुरावा म्हणजे ग्राहकाची सही असलेला कागद, किंवा फोनचं रेकॉर्डिंग, किंवा ग्राहकाच्या नोंदवलेल्या ईमेलवरून आलेला मेल, किंवा ऑनलाईन लॉगिनचा लॉग, किंवा मोबाईलवरचा मेसेज, असं काहीतरी कायद्याने तपासता येईल असं. आणि वाद झाला तर हा पुरावा आणायची जबाबदारी ब्रोकरची आहे. तुम्ही ऑर्डर दिली नाही हे तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही, दिली हे त्यांनी सिद्ध करायचं.

आप्पांना मी हे यार्डाच्या भाषेत सांगितलं. शेतकऱ्याला न विचारता त्याची हळद विकून टाकली आणि नंतर नुसती पट्टी त्याच्या हातात दिली, तर पट्टी आहे म्हणून सौदा त्याच्या मर्जीने झाला असं होतं का? ब्रोकर सौद्यानंतर पाठवतो ती कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे ती पट्टी. सौदा झाला हे त्यातून कळतं, कुणी करायला सांगितला हे कळत नाही. आप्पांना लगेच पटलं.

पण एक पळवाट त्याच परिपत्रकात आहे ती पण माहीत असू द्या. तांत्रिक बिघाडासारख्या अपवादात्मक कारणाने ब्रोकरकडे ऑर्डरचा पुरावा नसेल तर त्याने कारण द्यायचं, आणि मग सौद्यानंतर ग्राहकाने दिलेली कबुली, किंवा त्या सौद्याचे पैसे ग्राहकाने घेतले-दिले का, हे पण बघितलं जाऊ शकतं. आमचे पैसे जिथे अडकले ते इथेच, पुढे सांगते.

तुमची केस यात बसते का

लॉगिन, पासवर्ड तुम्हीच कुणाला तरी वापरायला दिला असेल, "तू बघ माझं खातं, नफा अर्धा अर्धा" असं तोंडी ठरलं असेल, तर केस फार कमकुवत होते, कारण ब्रोकर लॉगिनचा लॉग दाखवतो आणि तो तुमच्याच नावाचा असतो. महिन्याला ठराविक टक्के देतो म्हणून फ्रँचायझीवाल्याच्या स्वतःच्या बँक खात्यात पैसे दिले असतील तर तो ब्रोकरच्या खात्यातला सौदाच नाही, तिथे पोलिसांकडे जावं लागतं. आणि डब्बा ट्रेडिंग, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट नाही, एक्सचेंजवर सौदाच नाही, तर सेबीच्या तक्रारीत हातात काही लागत नाही. आमच्याकडे असं काही नव्हतं, आप्पांना ॲपचं लॉगिन सुद्धा माहीत नव्हतं.

1. पहिल्या दिवशी खातं थांबवा

भांडायला ऑफिसात जायच्या आधी हे करा. 1 जुलै 2024 पासून ब्रोकरांना खात्याचा ऑनलाईन ॲक्सेस ग्राहकाच्या सांगण्यावरून बंद करायची सोय द्यावी लागते, त्यासाठीचा ईमेल साधारण stoptrade@ असा सुरू होतो आणि पुढे ब्रोकरचं डोमेन असतं, वेबसाईटवर मिळतो. पण यात एक गोष्ट लक्षात ठेवा, हा ऑनलाईन ॲक्सेस बंद होतो, आणि आप्पांचे सौदे ऑफिसातल्या डीलरच्या टर्मिनलवरून झाले होते. म्हणून आम्ही त्याच मेलमधे वेगळं वाक्य टाकलं की फोनवरून, ऑफिसातून किंवा कुठल्याही मार्गाने या खात्यावर नवीन ऑर्डर घेऊ नये, आणि उघड्या पोझिशन असतील तर त्यांची यादी आज द्यावी.

मेल नोंदवलेल्या आयडीवरूनच जायला हवा. इथे आम्ही अडकलो. खातं उघडताना आप्पांचा ईमेल नव्हता म्हणून ऑफिसातल्या पोरानेच एक बनवून फॉर्मवर टाकला होता, पासवर्ड त्याच्याकडे. म्हणजे 9 दिवसांच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा त्या पोराच्याच हातात जात होत्या! आम्ही सहीचं पत्र करून ब्रोकरच्या मुख्य ऑफिसला स्पीड पोस्टाने पाठवलं, त्याची स्कॅन कॉपी मेल केली आणि मग ईमेल बदलायचा अर्ज दिला. आई-वडिलांचं खातं असेल तर आजच बघा फॉर्मवर ईमेल आणि मोबाईल कुणाचा आहे.

2. कागद गोळा करा

हे लागतात:

- वादातल्या सगळ्या दिवसांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट
- ब्रोकरचं लेजर, म्हणजे त्याच्याकडचा तुमच्या खात्याचा जमा-नावे हिशोब, आधीच्या सहा महिन्यांपासूनचा तरी
- डिमॅटचं स्टेटमेंट, प्लेज आणि विक्रीच्या नोंदींसकट
- खातं उघडतानाच्या फॉर्मची प्रत
- एक्सचेंजकडून थेट आलेले मेसेज, मोबाईलवरून डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या
- मोबाईल कंपनीचं कॉल डिटेल, किंवा निदान फोनमधल्या कॉल लिस्टचे फोटो

शेवटचं लोक घेत नाहीत आणि तेच सगळ्यात कामाचं. कॉन्ट्रॅक्ट नोटवर प्रत्येक ऑर्डरचा नंबर आणि वेळ छापलेली असते. ती वेळ आणि तुमच्या फोनची कॉल लिस्ट शेजारी शेजारी ठेवा. 13 ऑगस्टला आप्पांच्या खात्यात पहिली ऑर्डर सकाळी 10.42 ला आहे. त्या दिवशी ऑफिसाकडून एकच फोन, दुपारी 3.50 ला, पाऊण मिनिटाचा. मग 10.42 ला ऑर्डर दिली कुणी आणि कशी?

3. एक तक्ता करा, नफ्याचे सौदे लपवू नका

वहीवर किंवा एक्सेलमधे तारीख, ऑर्डर नंबर, ऑर्डरची वेळ, काय घेतलं-विकलं, नफा का तोटा, आणि त्या दिवशी ऑफिसशी बोलणं झालं का, असे रकाने करा. आप्पांनी आयुष्यभर खातेवही लिहिलेली, त्यांनी एका संध्याकाळीत केला.

इथे मोठी चूक होते. माणूस फक्त तोट्याचे सौदे "मी सांगितले नव्हते" म्हणतो आणि नफ्याचे गुपचूप सोडतो. समोरचा लगेच म्हणतो, म्हणजे नफा झाला की तुमचा सौदा आणि तोटा झाला की आमचा? तिथेच विश्वास जातो. विनापरवानगी म्हणायचं तर सगळेच सौदे म्हणा आणि नफा वजा करून मागा. आमचा हिशोब असा होता: तोट्याचे सौदे 2,14,600, नफ्याचे 41,200, म्हणजे निव्वळ तोटा 1,73,400. त्यात ब्रोकरेज आणि इतर चार्जेस 22,850. एकूण मागणी 1,96,250 रुपये. मनस्तापाचे वगैरे आकडे आम्ही टाकले नाहीत, मागितलेला प्रत्येक रुपया कागदावर दाखवता आला पाहिजे एवढंच बघितलं.

4. ब्रोकरला लेखी तक्रार, फ्रँचायझीला नाही

फ्रँचायझी म्हणजे नियमाच्या भाषेत ऑथोराईज्ड पर्सन, त्याच्या सगळ्या कामाची जबाबदारी मुख्य ब्रोकरवर असते. म्हणून तक्रार ब्रोकरच्या नावाने करायची. ब्रोकरच्या वेबसाईटवर तक्रारीचा ईमेल आणि कस्टमर केअरपासून कंप्लायन्स ऑफिसर, सीईओपर्यंतची यादी द्यावी लागते, आम्ही कंप्लायन्स ऑफिसरला पाठवून तक्रारीचा ईमेल कॉपीत ठेवला.

पत्र लांबलचक नको. आमचं मुख्य मागणं एवढंच होतं:

"सोबतच्या तक्त्यातील 5 ते 16 ऑगस्ट 2024 मधील एकही ऑर्डर मी दिलेली नाही. सेबीच्या 22 मार्च 2018 च्या परिपत्रकाप्रमाणे प्रत्येक ऑर्डर नंबरसाठी, ऑर्डरच्या आधीचा, मी ऑर्डर दिल्याचा पुरावा द्यावा. तो नसल्यास 1,96,250 रुपये खात्यात परत करावेत व माझे शेअर विकणे थांबवावे."

"ऑर्डरच्या आधीचा" हे शब्द नक्की टाका, का ते पुढे कळेल.

या काळात फ्रँचायझीवाला घरी येतो. आमच्याकडे पण आला, आप्पांच्या पाया पडला, म्हणाला वर तक्रार करू नका, मी हळूहळू भरून देतो, फक्त या कागदावर सही करा. तो कागद लेजर मान्य असल्याचा होता. आप्पा सही करायला निघालेच होते, ओळखीचं पोरगं आहे म्हणून, आईने थांबवलं. लेजर बरोबर आहे, माझी काही तक्रार नाही, असल्या कुठल्याच कागदावर सही करू नका, व्हॉट्सॲपवर "ओके" पण पाठवू नका.

5. स्कोर्सवर तक्रार

आम्ही 20 ऑगस्टला पत्र पाठवलं, 2 सप्टेंबरला उत्तर आलं: ग्राहकाच्या सांगण्यावरूनच सौदे केलेत, कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवल्यात. पुरावा एकही जोडला नव्हता. मग सेबीच्या पोर्टलवर गेलो, scores.sebi.gov.in. घटनेपासून एक वर्षाच्या आत इथे तक्रार करावी लागते, उगाच फ्रँचायझीच्या आश्वासनांवर महिने घालवू नका.

रजिस्ट्रेशन खातेदाराच्या पॅनवर होतं, म्हणजे वडिलांची तक्रार तुमच्या लॉगिनमधून करू नका. आप्पांना शेजारी बसवून, त्यांच्या मोबाईलवरचे ओटीपी घेऊन मी भरलं. संस्था निवडताना स्टॉक ब्रोकर आणि त्यात मुख्य ब्रोकरचं कॉन्ट्रॅक्ट नोटवर असतं तेच पूर्ण नाव निवडा, एकाच ग्रुपच्या दोन-तीन कंपन्या सारख्या नावाच्या असतात आणि चुकीची निवडली की पंधरा-वीस दिवस फुकट जातात. ब्रोकरला आधी कधी लिहिलं ते विचारतात, म्हणून आधीचं पत्र हवंच.

मजकुरात गोष्ट सांगत बसू नका. तारखा, ऑर्डर किती, रक्कम किती, ब्रोकरकडे पुरावा मागितला तो दिला नाही, काय पाहिजे, बास. तक्ता, पत्र, ब्रोकरचं उत्तर आणि कॉन्ट्रॅक्ट नोट पीडीएफ करून जोडल्या. सबमिट केल्यावर तक्रार नंबर येतो तो लिहून ठेवा. तक्रार आपोआप ब्रोकरकडे जाते, त्याला 21 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि एक्सचेंज त्यावर लक्ष ठेवतं. काही अडलं तर सेबीची टोल फ्री हेल्पलाईन आहे, 1800 22 7575.

6. ब्रोकरचं उत्तर ओळ ओळ वाचा

स्कोर्सवर येणाऱ्या उत्तराला ॲक्शन टेकन रिपोर्ट म्हणतात. आमच्यात तीन मुद्दे होते. एक, ग्राहकाने स्वतः ओटीपी देऊन शेअर प्लेज केले म्हणजे त्यांना एफ अँड ओ, फ्युचर-ऑप्शनचे सौदे, करायचेच होते. दोन, कॉन्ट्रॅक्ट नोट गेल्या आणि ग्राहक गप्प बसला. तीन, फोन रेकॉर्डिंग आहेत, आणि तीन रेकॉर्डिंग खरोखर जोडलेली.

ती ऐकली तेव्हा मला घाम फुटला. 8, 13 आणि 14 ऑगस्टची. पोरगं म्हणतं, "आप्पा, आजचे सौदे झाले, सगळं ठीक ना?" आणि आप्पा म्हणतात, "बरं बरं." मागे टीव्हीचा आवाज. आप्पांना वाटलं पोरगं ओळखीचं आहे, खुशाली विचारतंय.

पण नीट ऐका, यात ऑर्डर कुठेय? काय विकायचं, किती लॉट, कुठल्या भावाला, एक शब्द नाही. आणि वेळ 3.50, बाजार 3.30 ला बंद होतो. ही सौद्यानंतरची कबुली आहे, ऑर्डर नाही. बाकी 6 दिवसांचं तर तेही नाही. आम्ही उत्तरात लिहिलं की प्लेजचा ओटीपी म्हणजे तारण ठेवायची परवानगी, सौदा करायचा आदेश नव्हे, आणि कॉन्ट्रॅक्ट नोट ज्या ईमेलवर गेल्या तो ऑफिसातल्याच माणसाने बनवलाय, हा बघा फॉर्म. एक्सचेंजचे संध्याकाळचे मेसेज मात्र आप्पांच्या मोबाईलवर आले होते आणि त्यांनी वाचले नव्हते, हे आम्ही लपवलं नाही.

समाधान झालं नाही तर उत्तर आल्यापासून 15 दिवसांत स्कोर्सवरच रिव्ह्यू मागायचा असतो. पहिला रिव्ह्यू एक्सचेंज बघतं, त्यानेही नाही झालं तर पुन्हा 15 दिवसांत दुसरा, तो सेबीकडे जातो. 15 दिवस गेले की तक्रार बंद झाली असं धरतात, मोबाईलवर रिमाइंडर लावा.

आम्ही पहिला रिव्ह्यू मागितला. ब्रोकरने बाकी दिवसांचा पुरावा दिलाच नाही, तांत्रिक कारणाने रेकॉर्डिंग उपलब्ध नाही म्हणे, पण पैसे द्यायलाही तयार नाही. आता हे समजून घ्या की स्कोर्स म्हणजे कोर्ट नव्हे. तक्रार ब्रोकरसमोर आणि यंत्रणेसमोर ठेवायची ती जागा आहे, किती रुपये द्यायचे हा वाद अडला की तो निवाडा दुसरीकडे होतो.

7. स्मार्ट ओडीआर

ती जागा म्हणजे smartodr.in, ऑनलाईन वाद निवारण, 2023 पासून सुरू आहे. ब्रोकरकडे तक्रार करून उपयोग झाला नाही की इथे जाता येतं. एकदा इथे वाद दाखल केला की स्कोर्सवरची तीच तक्रार निकाली धरतात, म्हणून आधी तिथून जेवढी कागदपत्रं आणि उत्तरं बाहेर काढता येतील तेवढी काढा, ब्रोकरने लेखी दिलेलं नंतर त्याला फिरवता येत नाही.

आधी समेट असतो, कॉन्सिलिएशन, गुंतवणूकदाराला फी नाही. 21 दिवसांत संपवायचा असतो, दोघांच्या संमतीने थोडा वाढतो. व्हिडिओ कॉलवर होतं, मुंबई-पुण्याला जावं लागत नाही. आप्पा सांगलीतल्या घरी टेबलाशी इस्त्रीचा सदरा घालून बसले, मी शेजारी. समेट झाला नाही तर आर्बिट्रेशन, त्याला मागणीच्या रकमेप्रमाणे फी भरावी लागते आणि निवाडा दोघांवर बंधनकारक असतो.

पहिल्या बैठकीत ब्रोकरने 70,000 सांगितले. आम्ही तक्ता स्क्रीनवर लावला, प्रत्येक ऑर्डरची वेळ आणि शेजारी कॉलची वेळ, आणि एवढंच विचारत राहिलो की 10.42 चा पुरावा दाखवा. दुसऱ्या बैठकीत 1,40,000 वर आले.

आम्ही घेतले. का ते सांगते. ते "बरं बरं" चे तीन दिवस आमचे कच्चे होते, त्या तीन दिवसांचा तोटा चार्जेससकट 58,000 च्या आसपास. 1,96,250 मधून ते काढले तर 1,38,000 च्या वर राहतात. आर्बिट्रेशनला पूर्ण मिळाले असते का, कदाचित, पण ती तीन रेकॉर्डिंग आणि न वाचलेले मेसेज आमच्या विरुद्ध वजनात पडलेच असते, आणि आप्पांची झोप उडाली होती. ती तीन रेकॉर्डिंग नसती तर मी थांबले नसते.

8. समेटाच्या कागदावर काय लिहून घ्यायचं

नुसती रक्कम लिहून सही करू नका. आम्ही तीन गोष्टी लिहून घेतल्या. रक्कम कुठल्या बँक खात्यात आणि कुठल्या तारखेपर्यंत येणार. लेजरमधलं उरलेलं डेबिट आणि त्यावरचं व्याज शून्य करणार, कारण नाहीतर एका हाताने 1,40,000 देतात आणि दुसऱ्या हाताने डेबिट म्हणून वळते करतात. आणि उरलेल्या शेअरवरचं प्लेज सोडणार. पैसे आल्यावर आप्पांनी लेजर पुन्हा मागवलं, पेन्सिल घेऊन शेवटची ओळ शून्य आहे का ते बघितलं, डिमॅटच्या स्टेटमेंटवर प्लेज निघालंय का ते बघितलं, आणि मगच शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे हलवून ते खातं बंद करायचा अर्ज दिला.